धागा : दृष्टिबाधित वर्गमित्रासाठी स्लाइड तयार करताना – चित्रांचं वर्णन, वाचनक्रम आणि रंग

मेघना_टीवाय

नमस्कार. मी भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हा चौघांच्या गटाला 'सह्याद्री आणि पर्जन्यछाया' या विषयावर वर्गात सादरीकरण करायचं आहे. पॉवरपॉइंटची फाइल तयार आहे, बारा-तेरा स्लाइड आहेत.

आमच्या वर्गात एक मित्र आहे. त्याला एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, दुसऱ्याने थोडंफार दिसतं. लॅपटॉपवर तो एनव्हीडीए हे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून ऐकतो. एखादी आकृती बघायची असेल तर स्क्रीन खूप मोठी करून तिचा एकेक तुकडा बघतो. सादरीकरणाआधी फाइल हातात मिळाली तर बरं, असं त्याने सांगितलंय, कारण वर्गातल्या पडद्यावरचं त्याला काहीच दिसत नाही.

फाइलमध्ये अडचणीच्या स्लाइड तीन आहेत. एकीवर ढगांच्या उपग्रहचित्रावर पिवळ्या अक्षरांत मजकूर आहे. दुसरीवर अरबी समुद्रापासून पठारापर्यंतचा आडवा छेद आहे. तो आम्ही आकार, बाण आणि मजकुराचे चौकोन जोडून काढलाय. तिसरीवर महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईच्या पावसाचा स्तंभालेख आहे. चित्रांना 'Alt Text' म्हणजे लेखी वर्णन द्यायचं असतं एवढं माहीत आहे. पण छेदासारख्या आकृतीत नक्की काय लिहायचं? बाकी काय तपासायचं? मदत करा.

अनघा_सातारा

मेघना, छान करते आहेस. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला मोबाईलवरचं काही वाचता येत नव्हतं. आम्ही अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली, मग तिचं काम चाललं. तुम्हीही स्लाइडवरची अक्षरं चाळीसच्या वर न्या आणि त्याला पहिल्या बाकावर बसवा. तेवढ्याने भागेल असं वाटतं.

केदार_नागपूर

अनघाताई, मोतीबिंदूमध्ये अक्षर मोठं केलं की बऱ्याचदा काम होतं, पण या मुलाचं तसं नाही. तो मुख्यतः ऐकतो, आणि ऐकणाऱ्याला अक्षर चाळीसचं आहे की चौदाचं, याने काही फरक पडत नाही.

मी स्वतः जन्मापासून अंध आहे, बँकेत नोकरी करतो आणि दिवसभर एनव्हीडीएवरच असतो. मेघना, आधी वाचनक्रमाबद्दल सांगतो. लोक वर्णनं लिहितात, पण क्रमाकडे कोणी बघत नाही, आणि ऐकताना सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

स्लाइडवर काय वर आहे, काय डावीकडे आहे, हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. पॉवरपॉइंट त्याला वस्तू एका ठरावीक रांगेत देतो. ही रांग एकावर एक ठेवलेल्या थरांची असते, सगळ्यात खालचा थर आधी. आणि थर पडतात तुम्ही वस्तू ज्या क्रमाने टाकल्या त्या क्रमाने. समजा तुमच्यातल्या कोणी आधी पठार काढलं, मग बाण टाकले, मग समुद्र राहिला म्हणून शेवटी तो घातला. मला ऐकू येईल : 'पर्जन्यछायेचा प्रदेश', मग नुसतंच बाण, बाण, एक आयत, मग 'घाटमाथा' आणि अगदी शेवटी 'अरबी समुद्र'. वारा पठारावरून निघून समुद्रात गेला असं वाटेल. डोळ्यांनी बघणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही, कारण त्याला आकृती अगदी बरोबर दिसतेय.

म्हणून आधी छेदाची स्लाइड उघड, आकृतीबाहेर क्लिक कर आणि मग टॅब दाबत जा. ज्या क्रमाने वस्तू निवडल्या जातील, साधारण त्याच क्रमाने तुझा मित्र ऐकणार आहे.

पाटील_सर

केदार यांचं बरोबर आहे. थोडी भर घालतो. मी निवृत्त शिक्षक, शाळेत संगणक शिकवायचो. हा क्रम बदलणं सोपं आहे. Home मध्ये Arrange, त्यात Selection Pane. Alt+F10 दाबलं तरी तेच उघडतं. उजवीकडे सगळ्या वस्तूंची यादी येते. जे आधी वाचायला हवं ते यादीत सगळ्यात वर न्यायचं, शेवटचं सगळ्यात खाली ठेवायचं. पाच मिनिटांचं काम.

केदार_नागपूर

सर, जागा बरोबर सांगितलीत, पण Selection Pane मध्ये क्रम उलटा चालतो. ती यादी थरांची आहे, सगळ्यात वरचा थर यादीत वर. वाचन खालच्या थरापासून सुरू होतं, म्हणून शीर्षक यादीत सगळ्यात खाली हवं. तुम्ही म्हणता तसं केलं तर स्लाइड शेवटापासून सुरुवातीकडे वाचली जाईल.

नव्या पॉवरपॉइंटमध्ये Review → Check Accessibility च्या खालच्या बाणात Reading Order Pane असं वेगळं मिळतं. तिथली यादी सरळ वाचायची, वरचं आधी. मेघनाकडे ते असेल तर तेच वापरावं, डोक्याला ताप कमी.

पाटील_सर

धन्यवाद केदार. आत्ताच एका जुन्या फाइलवर पाहिलं, तुम्ही म्हणता तसंच आहे. माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे, त्यात Reading Order Pane दिसत नाही. तिथे खालून वर असंच लावावं लागेल.

मेघना_टीवाय

केदारदादा, टॅब दाबून पाहिलं. आमचा क्रम असा निघाला : पठार, घाटमाथा, तीन बाण, मग कोकण, एक ढग, समुद्र, मग पुन्हा बाण, आणि सगळ्यात शेवटी स्लाइडचं शीर्षक! शीर्षक शेवटी का आलं ते कळलं नाही. ते तर सगळ्यात वर आहे.

Reading Order Pane मध्ये सगळं नीट लावलं, पण समुद्र आधी नेल्यावर कोकणाचा हिरवा आकार त्याच्या वर आला आणि किनाऱ्यावरचा बाण अर्धा झाकला गेला. आता काय करू?

केदार_नागपूर

झाकलं जाणारच, कारण वाचनक्रम आणि थर एकच आहेत. एक हलवलं की दुसरं हलतं. जिथे आकार एकमेकांवर चढलेत तिथे हे दुखणं राहतंच. दोन रस्ते आहेत, दोन्ही सांगतो.

पहिला : आकार एकमेकांवर चढणार नाहीत अशी आकृती पुन्हा मांडायची. समुद्राची कड कोकणाला नुसती चिकटेल, खाली जाणार नाही. बाण रिकाम्या जागेत ठेवायचे.

दुसरा : आकृतीतलं सगळं निवडून Ctrl+G ने एक गट करायचा आणि त्या गटाला एकच वर्णन द्यायचं. तुमच्या छेदात वीसेक वस्तू असतील. 'बाण' हा शब्द नऊ वेळा ऐकण्यात कोणाचाच फायदा नाही. मला दुसरा रस्ता बरा वाटतो. फक्त गट केल्यावर पुन्हा टॅब दाबून बघ आणि ऐक. गटाच्या आतले चौकोन काही वेळा वेगळेही वाचले जातात.

शीर्षकाचं म्हणशील तर ते शीर्षकाच्या ठरलेल्या जागेत नाहीये. कोणीतरी ती जागा पुसून साधा Text Box टाकलाय. View → Outline View उघड. तिथे फक्त ठरलेल्या जागांमधला मजकूर दिसतो. स्लाइडच्या आकड्यापुढे काहीच नसेल तर माझ्या दृष्टीने त्या स्लाइडला शीर्षक नाही. मला स्लाइडच्या यादीतून उडी मारायची असते, आणि सगळीकडे नुसते आकडे असतात. Home → Layout मधून Title Only घे आणि शीर्षक कापून त्या जागेत चिकटव. प्रत्येक स्लाइडचं शीर्षक वेगळं हवं. 'पाऊस', 'पाऊस', 'पाऊस' अशा तीन स्लाइड असल्या तर कुठे जायचं ते कळत नाही.

रेणू_पुणे

मी ग्राफिक डिझाइन करते. एक शंका आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा गट कापून Paste Special ने चित्र म्हणून चिकटवला तर? एकच चित्र, एकच वर्णन, आतलं काही वेगळं वाचलं जाणार नाही.

केदार_नागपूर

माझ्यासारख्याला चालेल. मेघनाच्या मित्राला नाही, कारण तो स्क्रीन मोठी करून बघतो. साधं चित्र चार-पाचपट मोठं केलं की अक्षरांच्या कडा फुटतात. शिवाय त्याला रंग बदलून बघायचे असले तर चित्राचे रंग बदलता येत नाहीत. गट राहिला तर अक्षरं कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहतात.

रेणू_पुणे

चित्र एसव्हीजी किंवा ईएमएफ म्हणून चिकटवलं तर कडा फुटणार नाहीत. पण रंगांचं म्हणणं मान्य. अर्थात शेवटी त्याच्या मशीनवर काय बरं चालतं ते बघूनच ठरवावं लागेल, इथे बसून दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

आता रंगांचं मी सांगते, ते माझं रोजचं काम आहे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक प्रमाणात मोजता येतो. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ हवं असं म्हटलंय. मोठ्या मजकुराला, म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असेल तर १४ पॉइंट, ३:१ चालतं. आलेखातले स्तंभ, बाण, रेषा यांनाही ३:१ लागतं. काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण २१:१, त्यापलीकडे काही नाही.

मोठ्या अक्षरांची ३:१ ची सवलत देवनागरीत मी घेत नाही. आपल्या अक्षरांत अनुस्वार, रफार, उकार फार बारीक असतात. १८ पॉइंटच्या 'वारे' आणि 'वारं' मध्ये फरक आहे तो एका मात्रेचा आणि एका टिंबाचा, आणि फिका रंग आधी तेच गिळतो. म्हणून सगळीकडे ४.५ धर, पातळ वजनाचे फाँट टाळ, आणि २४ पॉइंटच्या खाली जाऊ नकोस.

तुमची पिवळ्या अक्षरांची स्लाइड : शुद्ध पिवळा पांढऱ्यावर १.०७:१ भरतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. तोच पिवळा गडद निळ्यावर (#000080) १४ च्या वर जातो. तुमच्याकडे खाली ढग आहेत. ढगावर अक्षरं गायब होणार आणि समुद्रावर झकास दिसणार, एकाच ओळीत. अक्षरांचा रंग बदलून हे सुटत नाही, कारण पार्श्वभूमीच जागोजागी बदलते. अक्षरांच्या मागे एका रंगाची भरीव पट्टी टाक, पारदर्शकता शून्य. नाहीतर फोटो अर्ध्या स्लाइडवर आण आणि मजकूर उरलेल्या अर्ध्यावर.

मोजायला Colour Contrast Analyser नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यातला ड्रॉपर पडद्यावरच्या कुठल्याही दोन रंगांवर ठेवायचा, प्रमाण लगेच दिसतं. फोटोवरच्या मजकुरासाठी ड्रॉपर सगळ्यात वाईट जागी ठेव, अक्षराच्या अगदी शेजारच्या पांढऱ्या ढगावर.

मेघना_टीवाय

रेणूताई, मोजलं. पिवळ्याचं तुम्ही सांगितलं तसंच निघालं. आणि आलेखातले स्तंभ पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या नारंगी रंगात (#ED7D31) आहेत, ते पांढऱ्यावर २.८ च्या आसपास आले. म्हणजे ३ पेक्षा कमी?

रेणू_पुणे

हो, तो रंग नेहमी अडकतो. रंगांच्या त्याच चौकटीत खाली त्याचीच गडद छटा आहे, Darker 25% (#C55A11). ती ४.३ ला जाते. स्तंभांना पुरेशी आहे, मजकुराला थोडी कमी पडते. म्हणून स्तंभ त्या रंगात आणि आकडे काळ्यात.

अजून एक. तीन गावांना तीन रंग देऊन कोपऱ्यात रंगांची सूची ठेवली असेल तर ती काढ. स्क्रीन चौपट मोठी केलेल्या माणसाला सूची आणि स्तंभ एका वेळी दिसतच नाहीत, तो मागे-पुढे सरकत बसतो. गावाचं नाव थेट स्तंभाखाली, आकडा थेट स्तंभावर. मग रंग ओळखायची गरजच राहत नाही.

सुमेध_जळगाव

आमचा गट सगळं गूगल स्लाइड्समध्ये करतो, आणि निम्मं फोनवर. तिथे हे चालतं का?

केदार_नागपूर

संगणकावर चालतं. चित्र निवडून Ctrl+Alt+Y दाबलं की वर्णनाची खिडकी उघडते. क्रम Arrange → Order मधून बदलतो, तिथेही खालचा थर आधी. पण यादी समोर दिसत नाही, एकेक वस्तू मागे-पुढे करावी लागते. फोनवरून मी हे काम करा असं सांगणार नाही.

मेघना_टीवाय

आता मुख्य प्रश्न. छेदाच्या वर्णनात काय लिहू? आमच्यातल्या एकाने लिहिलंय : 'सह्याद्रीचा छेद दाखवणारी आकृती'. आलेखाला लिहिलंय : 'पावसाचा आलेख'. मला हे कमी वाटतंय, पण किती लिहायचं ते कळत नाही.

केदार_नागपूर

कमीच आहे. 'पावसाचा आलेख' ऐकून मला एवढंच कळलं की इथे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांना मिळाली आणि मला नाही.

आधी स्वतःला विचार, ही आकृती या स्लाइडवर कशासाठी ठेवली? आलेखाचं सोपं आहे. त्यातून वर्गाला काय समजायला हवं?

मेघना_टीवाय

महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिमी पाऊस पडतो, पाचगणीला साधारण १७०० आणि वाईला ७०० च्या आसपास. आणि महाबळेश्वर ते वाई अंतर रस्त्याने जेमतेम ३२ किमी. एवढ्याशा अंतरात पाऊस इतका घटतो, हे दाखवायचंय.

केदार_नागपूर

मग तेच लिही. जवळजवळ तुझ्याच शब्दांत :

'तीन गावांच्या सरासरी वार्षिक पावसाचा स्तंभालेख, पश्चिमेकडून पूर्वेकडे. महाबळेश्वर सुमारे ६००० मिमी, पाचगणी १७००, वाई ७००. सुमारे ३२ किमीत पाऊस आठपटीहून जास्त घटतो.'

तीन वाक्यं, बास. स्तंभ नारंगी आहेत हे मला नको. 'चित्र' हा शब्दही सुरुवातीला नको, चित्र आहे हे सॉफ्टवेअर आधीच सांगतं, मग ते दोनदा ऐकावं लागतं. तीनच आकडे आहेत म्हणून वर्णनात बसले. बारा महिन्यांचे असते तर वर्णनात फक्त कल सांगायचा आणि आकडे खालच्या Notes मध्ये लिहायचे. वर्णन एका दमात वाचलं जातं. मध्येच अडलं तर पुन्हा सुरुवातीपासून ऐकावं लागतं. नोट्समध्ये ओळीओळीने फिरता येतं. एनव्हीडीएमध्ये सादरीकरण चालू असताना Ctrl+Shift+S दाबलं की स्लाइडवरून नोट्सवर जाता येतं. हे तुझ्या मित्राला माहीत असेलच, नसेल तर सांग.

ढगांचं उपग्रहचित्र फक्त सजावटीला असेल तर Mark as decorative वर टिक कर. त्यातून काही सांगायचं असेल, म्हणजे मान्सूनचे ढग घाटाला अडलेत वगैरे, तर वर्णन लिही. हे तुम्ही ठरवायचं, मला सांगता येणार नाही.

पाटील_सर

छेदाच्या बाबतीत मी मुलांना जसं तोंडी समजावतो तसं सुचवतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं, मध्ये उड्या मारायच्या नाहीत. प्रयत्न करतो :

'पश्चिम-पूर्व आडवा छेद. डावीकडून : अरबी समुद्र, कोकणची अरुंद सखल पट्टी, मग एकदम उभा चढणारा सह्याद्री, आणि घाटमाथ्यानंतर पूर्वेकडे हळूहळू उतरणारं पठार. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि कोकण व घाटमाथ्यावर पाऊस देतात. पठारावर उतरताना हवा तापते आणि कोरडी होते. घाटमाथ्याच्या पूर्वेचा भाग पर्जन्यछायेचा.'

जरा लांब झालं का?

केदार_नागपूर

सर, ऐकायला फार छान आहे. पहिला भाग वर्णनात ठेवू, म्हणजे आकृती कशी आहे ते. वारा चढतो-उतरतो हा भाग स्लाइडवर मजकूर म्हणून आधीच लिहिला असेल तर पुन्हा नको. नसेल तर तो स्लाइडवरच आणा, बाकीच्या वर्गालाही उपयोगी पडेल.

कोल्हापूर_मुद्रण

मला वेगळंच विचारायचंय. मेघना, स्लाइडवरचा मराठी मजकूर कशात टाइप केलाय? माझा छपाईचा धंदा आहे, आमच्याकडे कॉलेजांच्या बऱ्याच फाइल जुन्या फाँटमध्ये येतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलेलं असेल तर फाइलमध्ये खरं तर `ejkBh` असतं. वाचणारं सॉफ्टवेअर तेच वाचणार ना?

केदार_नागपूर

अगदी तेच. हे विचारलंत ते फार बरं केलंत. असा मजकूर आला की मला इंग्रजी अक्षरांचा कडबोळा ऐकू येतो, आणि त्यातून शब्द ओळखणं अशक्य. श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचंही तेच. वर्णनं, क्रम, रंग सगळं चोख असलं तरी स्लाइड वाया जाते.

मेघना_टीवाय

कसं ओळखायचं? आम्ही स्वतः टाइप केलेलं युनिकोडच आहे, पण दोन स्लाइडवरचा मजकूर विभागाच्या जुन्या नोट्समधून कॉपी केलाय.

कोल्हापूर_मुद्रण

मजकूर निवड आणि फाँट बदलून Nirmala UI कर. युनिकोड असेल तर मराठीच राहील. जुना असेल तर लगेच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. मग युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर ऑनलाइन मिळतात. पण फाँट कुठला आहे ते बरोबर निवड, प्रत्येकाची मांडणी वेगळी असते. बदलल्यावर एकदा वाचून काढ. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं यांत हमखास गडबड होते. दोन स्लाइड असतील तर पुन्हा टाइप केलेलं लवकर होईल.

मेघना_टीवाय

तपासलं. दोन्ही स्लाइड जुन्या फाँटच्या निघाल्या! पुन्हा टाइप करतेय.

बाकी बरंच झालंय. शीर्षकं ठरलेल्या जागेत आली, छेदाचा गट केला, सरांचा पहिला भाग वर्णनात घातला, वाऱ्याचा भाग स्लाइडवर आणला. Check Accessibility आता एकही चूक दाखवत नाही. म्हणजे झालं ना?

केदार_नागपूर

नाही. तो तपास वर्णन आहे की नाही ते बघतो, वर्णनात काय आहे ते नाही. नुसतं 'पावसाचा आलेख' एवढं वर्णन असलं तरी चालून जातं. जुन्या फाँटचंही त्याला काही कळत नाही.

एनव्हीडीए फुकट आहे, उतरवून घे आणि त्यातलाच ईस्पीकचा मराठी आवाज निवड. आवाज यांत्रिक आहे, सवय नसेल तर कळायला वेळ लागेल. म्हणून त्याच्या मेनूत Tools → Speech Viewer चालू कर, जे बोललं जातंय ते खिडकीत लिहिलेलंही दिसतं. आता स्लाइडकडे न बघता फक्त ती खिडकी वाच. तेवढ्यावरून विषय समजला तर काम झालं. गटातल्या ज्याने छेद काढला नाही त्याला वाचायला सांगितलंस तर जास्त बरं.

पीडीएफ देणार असाल तर Save As मधून करा आणि Options मध्ये Document structure tags for accessibility ची टिक राहू द्या. Print मधून पीडीएफ केली की शीर्षकं, क्रम, वर्णनं सगळं गळून पडतं. खरं तर त्याला मूळ पीपीटीएक्सच द्या.

आणि सादर करताना 'इथे बघा', 'हा लाल भाग' असं बोलू नका. 'घाटमाथ्याच्या पूर्वेला' म्हणा.

अनघा_सातारा

मी आधी भलत्याच दिशेला गेले होते, पण एक सुचवते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. छेदाची रेषा पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून काढली तर? समुद्राला गुळगुळीत कागद, पठाराला खरखरीत. बोट फिरवलं की उभा कडा आणि हळू उतार लगेच कळेल.

केदार_नागपूर

ताई, हे उत्तम आहे. शब्दांतला 'उभा' आणि बोटाखालचा उभा यात फार फरक असतो. मी शाळेत नकाशे असेच शिकलो. फक्त सुतळी सुकू द्या आणि त्यावर अक्षरं चिकटवू नका, गर्दी होते.

मेघना_टीवाय

काल त्याला फाइल आणि पुठ्ठा दोन्ही दिलं. आलेखाचं वर्णन त्याला आवडलं. गट त्याच्याकडे नीट वाचला गेला, आतले चौकोन वेगळे आले नाहीत.

पुठ्ठ्यावर बोट फिरवून त्याने विचारलं, 'सह्याद्री खरंच इतका उभा आहे?' आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या छेदात उंची आडव्या अंतराच्या मानाने बरीच वाढवलेली आहे, नाहीतर १४०० मीटरचा घाटमाथा एवढ्या रुंद स्लाइडवर दिसलाच नसता. हे स्लाइडवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते बाकी वर्गालाही कळलं नसतं. आता आकृतीखाली आणि वर्णनात दोन्हीकडे 'उंची आडव्या अंतराच्या तुलनेत वाढवून दाखवली आहे' असं घातलंय.

त्याची एक तक्रार मात्र सुटली नाही. पांढरी पार्श्वभूमी त्याच्या डोळ्याला खुपते. त्याला काळ्यावर पांढरी अक्षरं हवीत. वर्गातल्या प्रोजेक्टरवर काळी स्लाइड धुरकट दिसते, खिडक्यांना पडदे नाहीत.

रेणू_पुणे

दोन प्रती कर. रंग थीममधले निवडले असतील तर Design → Variants मधून गडद प्रकार घेतला की अक्षरं आपोआप उलटतात. हाताने दिलेले रंग मात्र तसेच राहतील. काळी अक्षरं काळ्यावर गेली तर दिसणारच नाहीत, म्हणून प्रत्येक स्लाइड एकदा बघून घे. छेदातले बाण आणि स्तंभांचे आकडे खास तपास. #C55A11 काळ्यावरही चालेल.

मेघना_टीवाय

आमचे निम्मे रंग हाताने दिलेले आहेत. आज बसून थीमचे करते.

सुमेध_जळगाव

गूगल स्लाइड्समध्येही एका झटक्यात असे उलटे रंग करता येतात का? कोणी करून पाहिलंय?